मेणबत्ती की वॅक्स मेल्ट? लहान मुलांच्या घरासाठी हिशोब

पाहुणे येणार असले की बिरसीतल्या आमच्या घरांत आजही ऊद किंवा अगरबत्ती लावली जाते. पण आता ऑनलाइन मागवलेल्या सुगंधी मेणबत्त्या आणि वॅक्स मेल्टही कपाटात दिसू लागल्या आहेत. वॅक्स मेल्ट म्हणजे वात नसलेली सुगंधी मेणाची वडी. ती वॉर्मर नावाच्या छोट्या विजेच्या भांड्यात ठेवून वितळवायची. ‘आग नाही म्हणजे मुलांना धोका नाही,’ असे भगिनी म्हणतात. हे अर्धेच खरे आहे.

आधी दोन्हींचे काम कसे चालते ते पाहू. मेणबत्तीत मेण हे ज्योतीचे इंधन असते. ते जळून संपते आणि वातीभोवती साचलेल्या पातळ मेणातून सुगंध दरवळतो. हे पातळ मेण कडेपर्यंत पसरायला तासभर तरी लागतो, म्हणून सुगंध हळूहळू वाढतो आणि मग बराच वेळ सारखा राहतो. वॉर्मरमध्ये मेण जळत नाही, फक्त वितळते. पंधरा-वीस मिनिटांत सगळी वडी पातळ होते आणि एकदम सुगंध देऊ लागते. त्यामुळे सुरुवातीला मेल्ट जास्त तीव्र वाटते, नंतर सुगंध उतरत जातो. मेण मात्र तेवढेच दिसते. भांडे भरलेले आहे म्हणून वडी चांगली आहे असे समजू नका. दहा मिनिटे अंगणात जाऊन परत या. आत येताच वास आला नाही, तर ती वडी संपली. घरात बसून हे कळत नाही, कारण नाकाला त्या वासाची सवय झालेली असते.

आता खर्च. भाव जागोजागी वेगळे असतात, म्हणून समजायला सोपे आकडे धरू. १०० ग्रॅमची मेणबत्ती २५० रुपयांना आणली आणि तासाला ५ ग्रॅम मेण जळाले, तर ती २० तास चालेल, म्हणजे तासाला साडेबारा रुपये. सहा वड्यांचे पाकीट १८० रुपयांना आणले आणि एक वडी ८ तास चालली, तर ४८ तास झाले, म्हणजे तासाला पावणेचार रुपये. २५ वॅटच्या वॉर्मरला ८ रुपये युनिटने तासाला २० पैशांची वीज लागते. तासामागे सुमारे साडेआठ रुपये वाचले. वॉर्मर ७०० रुपयांचा असेल तर ८२ तासांत त्याची किंमत वसूल होते. पण खोली मोठी असून दोन वड्या लागल्या, तर बचत जवळपास निम्मी होते.

खरा प्रश्न मुलांचा. मेणबत्तीची ज्योत पडदा, ओढणी, कागद पेटवू शकते. विजेच्या वॉर्मरमध्ये ही भीती नाही. मात्र वॉर्मर घेताना नीट पाहा. काही वॉर्मरखाली छोटी मेणबत्तीच लावावी लागते. तिथे ज्योतही असते आणि वर गरम मेणही, म्हणजे धोका दुप्पट.

विजेच्या वॉर्मरमध्येही मेण साधारण ५० ते ७० अंशांपर्यंत तापते. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजते, मुलाची त्याहून लवकर. शिवाय मेण पाण्यासारखे ओघळून जात नाही, चिकटून राहते. रांगते मूल लोंबणारी वायर ओढते आणि भांडे अंगावर येते. म्हणून वायर भिंतीला लावून घ्या, वॉर्मर मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा आणि मेण पूर्ण गोठल्याशिवाय भांडे हलवू नका. वीज गेली की बटण बंद करा, नाहीतर कोणी नसताना वीज येऊन वॉर्मर आपोआप सुरू होईल.

वड्या बर्फीसारख्या दिसतात आणि गोड वास देतात, म्हणून त्या खाऊच्या डब्याजवळ ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात सोया मेणाच्या वड्या मऊ पडतात, त्या घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. वापरलेले मेण मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. पातळ असताना कापसाने टिपून कचऱ्यात टाका.

मेण अंगावर पडलेच, तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. चिकटलेले मेण ओढू नका, बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नका, आणि डॉक्टरांकडे न्या.

घरात कोणाला दमा असेल तर मेणबत्तीचा धूर आणि दोन्हींचा उग्र वास त्रास देऊ शकतो. रांगते मूल असेल आणि वॉर्मरला उंच, पक्की जागा नसेल, तर दोन्ही नकोत. अत्तराचा फाया कपाटावर ठेवला तरी खोली दरवळते. त्याला ना ज्योत लागते, ना वायर.