तीन अंतरे, एक ठिकाण

रस्त्यावर अपघात होतो, कोणीतरी १०८ क्रमांक लावतो आणि पलीकडून प्रश्न येतो, ‘नेमके कुठे?’ उत्तर बरेचदा ‘घाट उतरल्यावर, मोठ्या वडाच्या थोडे पुढे’ अशा थाटाचे असते. बोलणारा त्या भागातला नसेल तर तेवढेही सांगता येत नाही. आमच्या अपघात विभागात रुग्ण आणायला किती वेळ लागला हे आम्ही विचारतो, तेव्हा त्यातला काही वेळ प्रवासाचा नसतो, शोधण्याचा असतो. रक्तस्राव होत असलेल्या शरीराला हा फरक कळत नाही.

पण हातातल्या मोबाइलला आपण कुठे आहोत हे बऱ्यापैकी ठाऊक असते. ते त्याला कसे कळते, यामागे शाळेतलेच गणित आहे. त्याला इंग्रजीत ट्रायलॅटरेशन म्हणतात. मराठीत सांगायचे तर, तीन माहीत असलेल्या जागांपासूनची अंतरे घेऊन चौथी जागा शोधणे. यात दिशा लागत नाही, कोन लागत नाही, फक्त अंतरे लागतात. पूर्वी उलटे होते. लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ भारताची मोठी मोजणी सुरू केली तेव्हा मैलोन्‌मैल अंतर जमिनीवर मोजणे फार जिकिरीचे होते, म्हणून त्याने मोजक्या पायारेषा तेवढ्या साखळीने मोजल्या आणि बाकीचे काम दुर्बिणीने कोन मोजून केले. (याच कामावर असताना तो १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला.) आज अंतर मोजणे सोपे झाले आहे, कारण घड्याळे चांगली झाली आहेत. रेडिओलहर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे ३०० मीटर जाते. निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ कळली, की अंतर कळले.

आता चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक किलोमीटर. जमीन सपाट आहे असे धरू. खाली डावीकडे एका कोपऱ्यावर टॉवर अ. त्याच्या बरोबर पूर्वेला १४ किलोमीटरवर टॉवर ब. अ आणि ब एकाच हमरस्त्यावर आहेत असे समजा. तिसरा टॉवर क हा अ पासून ८ किलोमीटर पूर्वेला आणि १६ किलोमीटर उत्तरेला. जखमीजवळच्या फोनचे अंतर अ पासून १३, ब पासून १५ आणि क पासून ५ किलोमीटर निघाले आहे. जखमी कुठे?

फक्त अ चे अंतर माहीत असेल, तर जखमी अ भोवती काढलेल्या १३ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर कुठेही असू शकतो. ब भोवती १५ चे वर्तुळ काढले की दोन्ही वर्तुळे एकमेकांना छेदतात. कंपास असेल तर काढून बघा. नसेल तर आकडेमोड करू. जखमी अ पासून पूर्वेला क्ष आणि उत्तरेला य किलोमीटर आहे असे मानू. (क्ष हा आम्हा डॉक्टरांचा जुना ओळखीचा. राँटजेनला ते किरण कसले हे कळेना, म्हणून ते क्ष-किरण झाले.) पायथागोरसच्या नियमाने दोन समीकरणे मिळतात:

क्ष² + य² = १६९
(क्ष − १४)² + य² = २२५

दोन्ही समीकरणांत वर्ग आहेत, म्हणून ती अवघड दिसतात. पण एकातून दुसरे वजा केले की क्ष² आणि य² दोन्ही निघून जातात आणि उरते एवढेच:

२८क्ष = १९६ + १६९ − २२५ = १४०

म्हणजे क्ष बरोबर ५. या वजाबाकीतच सगळी गंमत आहे. दोन वर्तुळांमधून एक सरळ रेषा निघते आणि जखमी त्या रेषेवर असतो. आता पहिल्या समीकरणात ५ घातले, की य² = १६९ − २५ = १४४. म्हणून य म्हणजे १२.

किंवा उणे १२. इथेच खरी अडचण आहे. रस्त्याच्या उत्तरेला १२ किलोमीटर आणि दक्षिणेला १२ किलोमीटर, ही दोन्ही ठिकाणे अ आणि ब यांना अगदी सारखी दिसतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. दोघांमध्ये २४ किलोमीटरचे अंतर आहे. दोन टॉवर कितीही अचूक मोजोत, रुग्णवाहिका डावीकडे वळवायची की उजवीकडे, हे ते सांगू शकत नाहीत.

ते क सांगतो. उत्तरेचे ठिकाण क पासून ३ किलोमीटर पश्चिमेला आणि ४ किलोमीटर दक्षिणेला आहे, म्हणजे ५ किलोमीटरवर. दक्षिणेचे ठिकाण क पासून २८ किलोमीटरपेक्षा लांब आहे. मोजलेले अंतर ५ आहे, तेव्हा प्रश्न मिटला. वर्गमूळ टाळायचे असेल तर अ आणि क यांची समीकरणेही एकमेकांतून वजा करा. क्ष + २य = २९ अशी दुसरी सरळ रेषा मिळते. क्ष ५ असेल तर य १२, आणि उणे १२ चा प्रश्नच उद्भवत नाही.

कागदावर हे छान जुळते, कारण आकडे मी जुळणारे घेतले. प्रत्यक्षात मोजलेले अंतर कधीच असे नेमके नसते. जुन्या २जी जाळ्यात टॉवरला फोनचे अंतर साधारण ५५० मीटरच्या पायऱ्यांनीच कळते. तिथे वर्तुळ म्हणजे पेन्सिलची बारीक रेघ नसून रंगाच्या जाड कुंचल्याने ओढलेला पट्टा असतो, आणि दोन पट्टे छेदतात तिथे बिंदू न मिळता एक ठिपका मिळतो. त्याशिवाय लहर डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून आली तर तिने जास्त वाट चाललेली असते. ही चूक नेहमी एकाच बाजूची असते, अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरते. आडवाटेने कोणीही सरळ वाटेपेक्षा कमी चालत नाही.

समजा ब कडची लहर अशी वळसा घेऊन आली आणि अंतर १५ ऐवजी १५.३ भरले. तीच वजाबाकी केली तर क्ष येतो ४.६८ आणि य १२.१३. ठिकाण सुमारे ३५० मीटर सरकले. चूक झाली हे कसे ओळखायचे? या सरकलेल्या ठिकाणापासून क चे अंतर काढून बघा. ते ५.१ येते, आणि क ने तर ५ मोजले आहे. तिन्ही वर्तुळे आता एका बिंदूत मिळत नाहीत, त्यांच्यामध्ये एक छोटा त्रिकोण उरतो. तो त्रिकोण दिसला की समजावे, कोणीतरी चुकते आहे. मात्र ३०० मीटरची चूक तपासणीत १०० मीटरचीच दिसली, आणि चुकले कोण हेही त्रिकोण सांगत नाही. एकाच रुग्णाचा रक्तदाब दोघांनी मोजून वेगळा सांगितला तर एकाचा चुकला एवढेच कळते, तसेच हे. दोषी सापडायला चौथे अंतर लागते.

टॉवर कसे उभे आहेत, याला मोजण्याच्या अचूकपणाइतकेच महत्त्व आहे, आणि हे फारसे सांगितले जात नाही. समजा क तिकडे उत्तरेला नाहीच. तो याच हमरस्त्याच्या कडेला, अ पासून १० किलोमीटरवर आणि रस्त्यापासून जेमतेम १०० मीटर आत आहे. आता उत्तरेचे ठिकाण त्याच्यापासून १२.९१ किलोमीटर आणि दक्षिणेचे १३.०९ किलोमीटर भरते. फरक १८० मीटरच्या आसपास. मोजणीतच ३०० मीटरची चूक असेल तर हा फरक तिच्यात बुडून जातो. टॉवर तीन, अंतरे तीन, तरी रुग्णवाहिका कुठे वळवायची हे कळत नाही. एका ओळीतले तीन टॉवर दोघांच्याच मोलाचे.

दुसरा फसवा प्रसंग याहून अनपेक्षित आहे. जखमी रस्त्यावरच, अ आणि ब यांच्यामध्ये पडलेला आहे. अ पासून ५ किलोमीटर, ब पासून ९. वाटते, हे तर सोपे. पण इथे दोन वर्तुळे एकमेकांना छेदत नाहीत, नुसती टेकतात. दोन्ही अंतरे फक्त १०० मीटरने जास्त मोजली गेली, ५.१ आणि ९.१, तर य शून्याऐवजी १.१ किलोमीटर येतो. शंभर मीटरच्या चुकीची अकराशे मीटर चूक झाली. उलट दोन्ही १०० मीटरने कमी मोजली गेली तर त्यांची बेरीज १३.८ होते, टॉवर १४ किलोमीटर दूर आहेत, आणि वर्तुळे एकमेकांना शिवतही नाहीत. उत्तरच मिळत नाही. इथे उत्तरेकडचा क कामाला येतो. त्याचे वर्तुळ या रेषेला जवळजवळ समांतर जाते आणि नेमकी उत्तर-दक्षिणेची शंका दूर करते. दोन वर्तुळे जितकी काटकोनात छेदतील तितका ठिपका लहान, जितकी घासून जातील तितका लांबट.

उपग्रहांवरून ठिकाण काढताना कागदाऐवजी अवकाश येते आणि वर्तुळांऐवजी गोल येतात, पण वजाबाकी तीच. एक भर पडते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांच्यात अणुघड्याळे असतात. फोनचे घड्याळ तेवढे चांगले नाही. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर सगळीच अंतरे एकदम ३०० मीटरने चुकतात. म्हणून फोनला पूर्व, उत्तर आणि उंची यांच्याबरोबर आपल्या घड्याळाची चूकही शोधावी लागते. चार अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह.

नकाशावर आपल्या निळ्या टिंबाभोवती फिकट वर्तुळ दिसते. ते या साऱ्या चुकांचा फोनने बांधलेला अंदाज असतो. घरात किंवा उंच इमारतींच्या गल्लीत आकाशाची एखादी पट्टीच दिसते. मग उपग्रह एका ओळीतल्या टॉवरसारखे होतात, लहरी भिंतींवर आपटून येतात आणि वर्तुळ फुगते. उघड्यावर येऊन अर्धा मिनिट थांबले की ते बहुधा आवळत जाते. १०८ ला ठिकाण सांगताना हे वर्तुळ बघावे. ते लहान असेल तर नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. रस्त्याच्या दोन्ही बाजू कवेत घेण्याएवढे मोठे असेल, तर आपण नदीच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे आधी तोंडाने सांगावे. आणि वडाचे झाडही सांगावेच, रुग्णवाहिकेच्या चालकाला ते बहुधा ठाऊक असते.