चालणाऱ्या जाहिरातीचं बजेट वाढवताना

समजा, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाची इन्स्टाग्रामवरची जाहिरात चांगली चालली आहे. रोजचा खर्च १,००० रुपये, आठवड्याला ७० ऑर्डर, म्हणजे ऑर्डरमागे १०० रुपये. जाहिरातीचा खर्च सोडून प्रत्येक जोडामागे २०० रुपये सुटतात. अशा वेळी मालकाला वाटतं, बजेट थेट ५,००० करावं आणि ऑर्डरही पाचपट घ्याव्यात. नेमकं इथंच गणित फसतं.

जाहिरात कोणाला दाखवली की खरेदी होते, हे मेटाची यंत्रणा अनुभवातून शिकते. या टप्प्याला ‘लर्निंग फेज’ म्हणतात. त्यातून बाहेर पडायला आठवड्याभरात साधारण ५० ऑर्डर लागतात. बजेट एकदम मोठं झालं, प्रेक्षकवर्ग बदलला किंवा त्याच अ‍ॅड सेटमध्ये नवी जाहिरात घातली, की हे शिकणं पुन्हा सुरू होऊ शकतं. तसं झालं की ‘डिलिव्हरी’च्या रकान्यात परत Learning दिसू लागतं आणि ऑर्डरचा दर वरखाली होतो.

म्हणून या धंद्यातली माणसं एका वेळी साधारण २० टक्केच वाढ करतात. हा मेटाचा नियम नाही, अनुभवातून आलेला अंदाज आहे. वाढवल्यावर निदान तीन-चार दिवस, आणि ऑर्डर कमी असतील तर पूर्ण आठवडा, काही हलवायचं नाही. आज क्लिक केलेला माणूस दोन दिवसांनी खरेदी करतो आणि ती ऑर्डर उशिरा मोजली जाते. एका वाईट दिवसावरून घाबरून बजेट खाली आणणं हे एकदम वाढवण्याइतकंच घातक आहे.

आपल्या दुकानाने बजेट आठवड्याआठवड्याने १,२००, मग १,४४० आणि मग १,७२८ केलं. १,४४० वर आठवड्याला ९५ ऑर्डर आल्या, ऑर्डरमागे १०६ रुपये. १,७२८ वर १०३ ऑर्डर, ऑर्डरमागे ११७. दोनशेच्या नफ्यापुढे ११७ चांगलेच दिसतात. पण या शेवटच्या पायरीवर आठवड्याला २,०१६ रुपये जास्त गेले आणि ऑर्डर वाढल्या फक्त आठ. म्हणजे त्या आठांपैकी प्रत्येकीला २५२ रुपये पडले आणि प्रत्येक जोडामागे ५२ रुपयांचा तोटा झाला. आधीच्या स्वस्त ऑर्डरींनी तो सरासरीत झाकून टाकला. सहज खरेदी करणारे लोक यंत्रणा आधी गाठते. पुढचे पैसे कमी उत्सुक लोकांवर आणि त्याच माणसाला तीच जाहिरात पुन्हा दाखवण्यात जातात. ‘फ्रीक्वेन्सी’चा आकडा चढताना दिसतो तो यामुळेच.

असं दिसलं की १,४४० वर परत यावं आणि चालणाऱ्या अ‍ॅड सेटला हात लावू नये. आणखी वाढ हवी असेल, तर नवा फोटो किंवा नवा व्हिडिओ वेगळ्या अ‍ॅड सेटमध्ये, वेगळ्या बजेटवर चालवून बघावा. आणि दर आठवड्याला वहीत एक आकडा जरूर लिहावा: वाढवलेल्या पैशांतून मिळालेली प्रत्येक जादा ऑर्डर कितीला पडली. हा आकडा जाहिरातीचा डॅशबोर्ड आपणहून दाखवत नाही, तो आपणच काढावा लागतो.