पाऊस चांगला, मग ट्रॅक्टरचा शेअर किती देईल?

एप्रिल २०२४ मध्ये भारतीय हवामान खात्याने मोसमी पावसाचा पहिला अंदाज दिला. देशभरात दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के पाऊस, असा मथळा सगळीकडे झळकला. त्याच पत्रकातल्या शक्यतांच्या तक्त्याकडे फार थोड्यांनी पाहिले. पाऊस सरासरीपेक्षा कमी किंवा तुटीचा राहण्याची शक्यता १० टक्के, सर्वसाधारण राहण्याची २९ आणि त्याहून जास्त होण्याची ६१ टक्के, असे तो तक्ता सांगत होता. एखाद्या शेअरचा अपेक्षित परतावा आणि त्याचे प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला नेमका असाच तक्ता लागतो.

एक काल्पनिक ट्रॅक्टर कंपनी घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून शक्यता १०, ३० आणि ६० टक्के धरू. पाऊस कमी झाला तर वर्षभरात शेअर ३० टक्के पडेल, सर्वसाधारण झाला तर १२ टक्के वाढेल आणि जास्त झाला तर २५ टक्के वाढेल, असा आपला अंदाज आहे. हे तीन परतावे माझे गृहीतक आहेत, हवामान खात्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

गैरसमज : तीन परताव्यांची सरासरी काढली की झाले.

तशी सरासरी जेमतेम २.३ टक्के येते. पण ती काढताना दुष्काळाला आणि भरपूर पावसाला आपण सारखेच वजन देतो, आणि तक्ता तर तसे म्हणत नाही. प्रत्येक परताव्याला त्याच्या शक्यतेने गुणायचे आणि मग बेरीज करायची. कमी पावसाचे उणे ३, सर्वसाधारण पावसाचे ३.६, जास्त पावसाचे १५. बेरीज १५.६ टक्के. हा अपेक्षित परतावा.

गैरसमज : म्हणजे वर्षाअखेरीस साधारण १५.६ टक्के मिळतील.

आपल्या तक्त्यात १५.६ टक्के परतावा कुठेच नाही. मिळाले तर २५ मिळतील, १२ मिळतील किंवा ३० जातील. हेच वर्ष याच शक्यतांसह असंख्य वेळा खेळता आले असते, तर सरासरी १५.६ वर स्थिरावली असती. गुंतवणूकदाराच्या वाट्याला मात्र ते वर्ष एकदाच येते. म्हणूनच दुसरा आकडा लागतो. या सरासरीपासून प्रत्यक्ष निकाल किती लांब पडू शकतात, हे तो सांगतो.

तो काढण्यासाठी आधी प्रत्येक परतावा १५.६ पासून किती दूर आहे ते पाहायचे. कमी पावसात उणे ४५.६, सर्वसाधारण पावसात उणे ३.६, जास्त पावसात अधिक ९.४. या अंतरांना शक्यतांनी गुणून बेरीज केली तर शून्यच येते. येत नसेल तर आधी अपेक्षित परताव्यातच कुठेतरी चूक झाली आहे, असे समजावे. ही पडताळणी फुकटची आहे, पण फारसे कुणी करत नाही. शून्याने काम भागत नाही म्हणून अंतरांचे वर्ग करायचे : सुमारे २०७९, १३ आणि ८८. त्यांना शक्यतांचे वजन दिले की २०७.९, ३.९ आणि ५३ मिळतात. बेरीज २६४.८, हा व्हेरिअन्स. तो टक्क्यांच्या वर्गात असतो, त्यामुळे 'व्हेरिअन्स २६५ टक्के' असे म्हणण्याला अर्थ नाही. त्याचे वर्गमूळ घेतले की पुन्हा टक्क्यांत येतो : १६.३ टक्के. हे झाले प्रमाण विचलन.

गैरसमज : एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनचे फंक्शन आहेच, ते लावावे.

`STDEV.S` हे फंक्शन या तीन परताव्यांवर लावले तर उत्तर २८.७ टक्के येते. ते फंक्शन मागच्या नोंदींसाठी आहे. प्रत्येक नोंद सारख्या वजनाची मानून ते एकूण संख्येतून एक वजा करून भागाकार करते. आपल्याकडे नोंदी नाहीत, पुढच्या वर्षाच्या शक्यता आहेत, आणि त्यांची बेरीज १०० टक्के असल्याने आणखी कशानेही भागायचे नसते. शक्यता A स्तंभात, परतावे B स्तंभात लिहून अपेक्षित परतावा D1 मध्ये काढावा आणि प्रमाण विचलन D2 मध्ये :

```
D1: =SUMPRODUCT(A2:A4,B2:B4)
D2: =SQRT(SUMPRODUCT(A2:A4,(B2:B4-D1)^2))
```

गैरसमज : विचलन १६.३, म्हणजे दोन विचलनांपलीकडची घसरण जवळजवळ अशक्य.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हा. घंटेच्या आकाराच्या वक्राचा नियम पाठ असलेला माणूस म्हणतो, दोन विचलनांपेक्षा खाली जाण्याची शक्यता सुमारे सव्वादोन टक्के. १५.६ मधून दोन विचलने वजा केली तर उणे १७ येते. आपल्या तक्त्यात त्याहून खाली, थेट उणे ३० वर, १० टक्के शक्यता बसली आहे. चौपटीहून जास्त. तीनच निकाल असलेला आणि एका बाजूला झुकलेला तक्ता घंटेचा वक्र नसतो. त्याला तो नियम लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. २६४.८ पैकी २०७.९ एकट्या कमी पावसाने आणले. ज्या परिस्थितीची शक्यता सर्वांत कमी, तिनेच व्हेरिअन्सचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा उचलला. वर्ग करण्याचा हा परिणाम आहे. दुष्काळाची ओळ 'कशाला उगाच' म्हणून तक्त्यातून गाळली आणि उरलेल्या दोन शक्यता १०० वर आणल्या, तर विचलन ६.१ वर उतरते आणि शेअर मुदत ठेवीसारखा दिसू लागतो.

गैरसमज : दशांशापर्यंत आलेला आकडा म्हणजे अचूक आकडा.

कमी पावसाची शक्यता १० ऐवजी २० धरा आणि जास्त पावसाची ५०. अपेक्षित परतावा १५.६ वरून १०.१ वर येतो, विचलन १६.३ वरून २०.८ वर जाते. शेअर तोच, कंपनी तीच. बदलला तो फक्त आपला अंदाज.

शिवाय पावसाच्या शक्यता कितीही नेमक्या असल्या तरी प्रत्येक परिस्थितीला आपण एकच परतावा लिहिला आहे. पाऊस चांगला होऊनही कंपनीचे नवे मॉडेल फसू शकते, पोलाद महागू शकते, शेतकऱ्याला कर्ज मिळणे अवघड होऊ शकते. समजा प्रत्येक परिस्थितीच्या आतही २० टक्के विचलन आहे. त्याचा वर्ग ४०० हा २६४.८ मध्ये मिळवायचा, मग वर्गमूळ. उत्तर २५.८ टक्के. त्यामुळे परिस्थितींवरून काढलेले विचलन बहुधा खऱ्या जोखमीपेक्षा कमी दिसते.

आणि हवामान खात्याचा अंदाज तुमच्याआधी बाजारानेही वाचलेला असतो. भरपूर पावसाची आशा भावात आधीच मुरली असेल, तर तो प्रत्यक्ष झाल्यावर मिळणारा परतावा २५ नसून कदाचित पाचच असेल. २०२४ मध्ये पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला, पण म्हणून ६१ टक्क्यांची शक्यता बरोबर होती हे सिद्ध होत नाही. एका वर्षावरून ते ठरवताच येत नाही.

तेव्हा कुणी नुसता 'अपेक्षित परतावा १५.६ टक्के' असा आकडा पुढे केला, तर त्यामागचा तक्ता मागा, आणि आधी त्यातली सर्वांत वाईट ओळ वाचा.