आजोबांवर बोलताना हसू कुठे आणायचं?

तेराव्याच्या सुमारास होणाऱ्या शोकसभेत नातवंडांपैकी कुणी बोलायला उभं राहिलं की बहुधा तीच विशेषणं कानावर येतात: प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. ती खरी असतात, पण कुठल्याही आजोबांना लागू पडतात. समोर बसलेल्यांना त्यांचा माणूस मात्र दिसत नाही. तो दिसायला हवा असेल तर त्याच्या सवयी सांगाव्या लागतात आणि सवयी सांगू लागलं की थोडं हसू येतंच. ते येऊ द्यावं. फक्त कुठलं आणि कधी, हे आधी ठरवावं लागतं.

माझ्या परिचयातल्या एका नातीने हे फार नीट केलं. तिचे आबा एसटीत कंडक्टर होते. पहिल्या कच्च्या लिखाणात तिनं लिहिलं होतं, ‘आबा शिस्तीचे होते, सगळ्यांची काळजी घ्यायचे.’ मग वही घेऊन ती आजीजवळ बसली, चुलत्याशी बोलली, आबांच्या डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरला भेटली. प्रत्येकाला तिनं एवढंच विचारलं: आबांची कुठली गोष्ट तुम्ही अजून सांगता?

आजीनं सांगितलेला प्रसंग भाषणात असा आला: “लग्नाला निघालो की टेम्पोतली डोकी मोजल्याशिवाय आबा गाडी हलू द्यायचे नाहीत. एकदा आकडा एकानं कमी भरला. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. मुलांना खाली उतरवून परत चढवलं. शेवटी आजी म्हणाली, ‘अहो, स्वतःला धरा की त्यात!’”

ड्रायव्हरकाकांची आठवण वेगळी होती. मुक्कामी गाडीनं अंधारात एखादी मुलगी फाट्यावर उतरली आणि तिला न्यायला घरचं कुणी आलेलं नसलं, तर आबा डबल बेल द्यायचे नाहीत. गाडीतली माणसं कुरकुरायची. वस्तीकडून बॅटरीचा उजेड येताना दिसला की मगच बेल वाजायची.

भाषणात टेम्पो आधी आणि फाटा नंतर, असा क्रम तिनं ठेवला. टेम्पोच्या गोष्टीवर सगळे हसले, दबून बसलेली माणसं जरा सैलावली. मग फाट्याची गोष्ट आली तेव्हा मोजण्याचा तो हट्ट कशापायी होता, ते न सांगता कळलं. उलट क्रमानं सांगितलं असतं तर गंभीर प्रसंगानंतर लोकांना हसायचा संकोच वाटला असता आणि दोन्ही गोष्टी वाया गेल्या असत्या.

काय गाळलं, तेही पाहण्यासारखं आहे. चुलत्यानं आबांच्या भावाबरोबर बांधावरून झालेल्या भांडणाचा किस्सा रंगवून सांगितला होता. पण तो भाऊ सभेत पुढच्याच रांगेत बसणार होता. शेवटच्या वर्षांत आबांना कमी ऐकू यायचं, त्यावरून घरात गमती व्हायच्या. त्या गमतींवर आबा स्वतः कधी हसले नव्हते, म्हणून त्याही वगळल्या. कसोटी साधी आहे. जो किस्सा आजोबा स्वतः चारचौघांत हसत सांगत, तो घ्यावा. ज्यानं ते ओशाळे होत, तो घरातच राहू द्यावा. आणि आजीनं आधी ऐकला नाही असा एकही प्रसंग सभेत पहिल्यांदा उघड करू नये.

‘आज मोजलं तर एक कमी भरतं’ असं एक वाक्य तिला सुचलं होतं. तेही तिनं खोडलं. फाट्यावर थांबलेली गाडी जे करते, ते करायला वेगळं वाक्य लागत नाही. असं वाक्य रडू ओढून काढतं. शेवटी तिनं एवढंच म्हटलं, “स्वतःला मोजायचं आबा नेहमीच विसरत.”

भाषण चार मिनिटांचं होतं. सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चारशे शब्द पुरे. हसण्याला आणि दाटलेल्या गळ्याला थोडा वेळ शिल्लक ठेवावा लागतो. तिनं मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं होतं. दुसरी प्रत चुलतभावाच्या हातात होती, आवाज फुटेना तर पुढचं त्यानं वाचावं म्हणून. पाठ करून बोलायच्या भरीस ती पडली नाही, कारण अशा वेळी पाठ केलेलं ऐनवेळी आठवत नाही.

असं बोलणं पोचलं की नाही, हे सभा संपल्यावर कळतं. ‘छान बोललीस’ म्हणून लोक पुढे निघून गेले, तर त्यांनी भाषण ऐकलं. त्या दिवशी मात्र एकेक जण तिच्याजवळ थांबून आबांची आपली आठवण सांगू लागला आणि आजीनं तिला वही पुन्हा उघडायला लावली.