प्रेक्षक उठून जातो तो क्षण

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक रेघ दिसते. ती १०० टक्क्यांच्या आसपास सुरू होते आणि खाली उतरत जाते. कुठल्या क्षणाला किती टक्के प्रेक्षक व्हिडिओ पाहत होते, हे ती सांगते. हळूहळू उतरणं स्वाभाविकच आहे, पहिल्या अर्ध्या मिनिटात तर ती जोरातच घसरते. शोधायची असते ती मधलीच पायरी.

रेघ खाली जाऊन पुन्हा वर आली, तर लोकांनी तेवढा भाग पुढे ढकलला, पण ते व्हिडिओतच राहिले. खाली गेली ती गेलीच, तर माणसं निघून गेली. पहिल्या ठिकाणी बहुधा कात्री पुरते, दुसऱ्या ठिकाणी लिखाणच बदलावं लागतं.

समजा, पुरणपोळी फुटू नये म्हणून काय करावं, याचा ८ मिनिटं २० सेकंदांचा व्हिडिओ आहे. १:५५ पर्यंत ५५ टक्के लोक टिकलेत, २:१० ला ४१ उरतात आणि रेघ वर येत नाही. संहितेत तिथे कणीक मळणं चालू आहे. कणीक कंटाळवाणी म्हणून ती कापायचा मोह होईल. पण माणूस कंटाळल्यावर बंद करेपर्यंत काही सेकंद जातातच. शिवाय ही रेघ व्हिडिओचे शंभर तुकडे पाडून काढलेली असते. इथे एक तुकडा पाच सेकंदांचा, म्हणजे नेमका सेकंद हाती लागत नाही. म्हणून घसरणीच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून संहिता मोठ्याने वाचावी.

१:५० ला वाक्य सापडतं: ‘तर अशा प्रकारे आपलं पुरण तयार आहे. आता कणीक भिजवून घेऊया, ती काय सगळ्यांनाच येते.’ म्हणजे आपणच प्रेक्षकाला सांगितलं की काम झालं आणि पुढचं त्याला ठाऊकच आहे. तो का थांबेल?

नवं लिखाण असं: ‘पुरण घट्ट झालं, चमचा उभा राहतोय. तरी पोळी फुटू शकते, कारण कणीक. हा गोळा ओढून बघा, लगेच तुटला. असा तुटला तर लाटताना पुरण बाहेर येणार.’ कृती तीच, पण शीर्षकातला प्रश्न अजून सुटलेला नाही. पुरण झाल्याची खबर देतानाच पुढची अडचण समोर ठेवली. ‘चला तर मग, वेळ न घालवता’ यातच वेळ घालवणारी वाक्यंही याच वाचनात गळतात.

प्रेक्षक मोजकेच असतील तर चार-पाच जणांच्या जाण्यानेही रेघ दातेरी दिसते. अशा वेळी तिच्यावरून काही ठरवू नये. नवे प्रेक्षक आणि नेहमीचे यांच्या रेघाही वेगळ्या पाहाव्यात: नेहमीचे टिकले आणि नवेच गेले, तर कदाचित ओळखीवर विसंबून काही गाळलं गेलं असेल.

चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा ठेवता येत नाही. स्टुडिओच्या संपादकात नको तो तुकडा कापता येतो, नवं वाक्य मात्र घालता येत नाही. ते पुढच्या व्हिडिओत जातं, आणि तिथे एक काम संपून दुसरं सुरू होतं त्या वळणावर रेघ कशी वागते ते बघायचं.