टरफलातला चीक

एप्रिलची सकाळ. सावंतवाडीच्या बाजारात गोणपाट अंथरून बायका ओळीने बसल्या आहेत. पुढ्यात ओल्या काजूगरांचे वाटे. गर पांढुरके, टपोरे, वर फिकट गुलाबी साल. विक्री शेकड्यावर. गिऱ्हाईक वाकून एखादा गर चेपून पाहतं आणि घासाघीस सुरू होते.

कडेला एक मावशी अजून बिया चिरते आहे. हिरवी बी कोयत्याच्या पात्यावर दाबायची, दोन फाका करायच्या, आतला गर अलगद बाहेर काढायचा. तिची बोटं काळी पडली आहेत. अंगठ्याची कातडी सोलवटली आहे. मी टरफल उचलायला वाकतो.

"हात लावू नकात हां, चीक लागतलो."

"आणि गर?"

"गरात काय नाय. जा काय हा तां टरफलात."

चिरलेली फाक मी नुसतीच निरखतो. टरफलाच्या दोन सालींच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं आहेत आणि त्यांत दाट तेल भरलेलं आहे. त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल, शिवाय कार्डॉल. काजू हा बिब्ब्याच्या कुळातला. आंबाही त्याच घरातला. परदेशात ज्या वेलीला हात लागला की अंगावर फोड उठतात, ती पॉयझन आयव्हीही याच कुळातली. तिच्यातलं द्रव्य आणि काजूतलं द्रव्य रचनेने इतकं जवळचं, की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. हे तेल दोन प्रकारे छळतं. भरपूर लागलं तर कातडी थेट भाजते. थोडंच लागलं, पण शरीराला त्याची आधीपासून ओळख असेल, तर दिवस-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ येतं. तोवर आपण कशाला हात लावला होता, हे विसरायलाही झालेलं असतं.

बाजारातले हे गर खरे कच्चे. त्यांना अजून आच लागलेली नाही. घरी गरम पाण्यात टाकून साल काढायची आणि उसळ करायची.

ऊन चढतं. गावाबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात शिरतो. दारातच वाळलेल्या बियांची पोती. आत बॉयलर धुमसतो आहे. वाफेच्या टाकीचं झाकण उघडतं आणि कडवट, उग्र वास नाकात भरतो. बिया साधारण पंधरा-वीस मिनिटं वाफेत राहतात. मग जमिनीवर पसरून रात्रभर निवत ठेवतात. टरफल कापण्याजोगं होतं, गर त्यापासून सुटतो. तेल मात्र जात नाही. ते टरफलातच राहतं.

म्हणून, चीक लागू नये यासाठी, कटिंगच्या बायकांचे हात आधीच साध्या तेलाने माखलेले. शेजारी राखेची वाटी. पायाने पेडल दाबलं की दोन वाकडी पाती बीवर मिटतात. खट्. तरफ फिरते, टरफल दुभंगतं, गर बाहेर येतो. खट्. पुन्हा राखेत बोटं. पंखा गरगरतो, पण त्याचा वारा इथवर पोचत नाही. टरफलांचा ढीग वेगळा लागतो. त्याचं तेल गाळून रंगांसाठी, गाड्यांच्या ब्रेकसाठी जातं.

पुढची खोली ड्रायरची. पासष्ट-सत्तर अंश उष्णतेत गर सहा-आठ तास वाळतात. साल कुरकुरीत होते, मग सोलणं. चार किलो बियांतून जेमतेम किलोभर गर हाती येतो. शेवटच्या टेबलावर प्रतवारी चालू आहे. ट्यूबलाइटखाली पांढरे गर सरकतात. 320 नंबर म्हणजे पौंडाला 300 ते 320 दाणे. तुकडा, पाकळी वेगळी. काळपट तेलाचा डाग पडलेला दाणा एक ताई न बोलता बाजूच्या डब्यात टाकते.

या डब्याला महत्त्व आहे. 1982 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पाकीटबंद काजूंत टरफलाचे तुकडे राहून गेले होते. ते काजू खाऊन 54 जणांच्या अंगावर पुरळ उठलं. दोष गराचा नव्हता, त्याच्यासोबत आलेल्या टरफलाचा होता.

पॅकिंगच्या कोपऱ्यात दोन ढीग. एकातला माल तळून, मीठ लावून खारा होणार. दुसरा तसाच पाकिटात, वर चिकटपट्टी: 'कच्चे काजू'. दोन्ही एकाच टाकीतल्या वाफेतून आलेले.

दाराशी एक गिऱ्हाईक विचारतं, "हे कच्चे आहेत ना?"

"भाजलेले नाहीत, दादा. वाफेवरचे आहेत. अगदी कच्चे हवेत तर आत्ताच बाजारात जा, ओले मिळतील. ते मात्र आजच करा, टिकत नाहीत."

गिऱ्हाईक क्षणभर विचार करतं आणि वाफेवरचे अर्धा किलो मागतं.