‘रात्रभर चार्जिंगला लावत असाल!’

नाशिकमधल्या एका शिक्षिकेने फेब्रुवारीत स्मार्टवॉच घेतलं. जुलैत स्क्रीनची एक कड वर आली. आधी वाटलं, गोंद सुटला असेल. बोटाने दाबली तर ती खाली बसेना, आतून काहीतरी उशीसारखं परत वर ढकलत होतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा घड्याळ हातात घेण्याआधीच म्हणाला, “मॅडम, रात्रभर चार्जिंगला लावत असाल!” तीन दिवसांनी निरोप आला: फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.

हे वाक्य इतक्या काउंटरांवर इतक्या वेळा ऐकू येतं की ग्राहकालाही ते खरं वाटू लागतं. वस्तुस्थिती अशी आहे की घड्याळाचा चार्जर फक्त वीज पुरवतो. बॅटरीत किती भरायची आणि कधी थांबायचं, हे घड्याळातलंच सर्किट ठरवतं. बॅटरी भरली की ते प्रवाह तोडतं. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहिल्याने बॅटरी थोडी लवकर म्हातारी होते, हे मान्य; पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. पाच महिन्यांत ती पापडासारखी फुगली, तर आधी शंका घ्यायची ती सेलवर किंवा त्या सर्किटवर.

फुगवतो तो वायू. घड्याळातली लिथियमची बॅटरी बहुधा अॅल्युमिनियमच्या पातळ पिशवीत बंद केलेली असते. तिच्यातला द्रव विघटित झाला की वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. कारखान्यात सेल भरताना आत ओलावा राहिला, सर्किटने जास्त भरू दिलं किंवा घड्याळ फार तापलं, तर असं होऊ शकतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरलं असेल, तर कंपनीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. पण त्यासाठी तपासून सांगावं लागतं, तोंड बघून नव्हे!

आणि उत्पादकाचा दोष असूच शकत नाही, हेही खोटं. 2018 साली अॅपलने आपल्या सीरीज 2 घड्याळांपैकी काहींची फुगलेली बॅटरी खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत मोफत दुरुस्त करून द्यायचं ठरवलं होतं.

दुसरा ठपका पाण्याचा. इथे तर कारण आणि परिणाम उलटेच धरले जातात. बॅटरी फुगली की स्क्रीन उचलली जाते, सील सुटतं आणि त्या फटीतून घाम आत जातो. मग आतली पाणी दाखवणारी पट्टी लाल होते आणि काउंटरवरून उत्तर येतं, “पाणी गेलंय, म्हणून फुगली.” म्हणूनच फट दिसली त्या दिवशीचा फोटो मोलाचा.

शिक्षिकेने आधी पाठवलेला ईमेल तीन परिच्छेदांचा होता आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द चार वेळा होता. उत्तर आलं नाही. दुसरा ईमेल असा:

“बिल 11 फेब्रुवारीचं, सोबत जोडलं आहे. सीरियल नंबर आणि जॉबशीटचा नंबर खाली दिला आहे. 6 जुलैला स्क्रीनची डावी कड उचललेली दिसली, त्याच दिवसाचे चार फोटो जोडले आहेत. काचेला तडा नाही, कडेला आपटल्याची खूण नाही. चार्जर डब्यातलाच वापरला. आपण ‘फिजिकल डॅमेज’ म्हणता, तर कुठे आणि कशामुळे, हे लेखी कळवावं. वॉरंटीत घड्याळ बदलून मिळावं.”

तक्रार ईमेलवर केली तर तिला वजन नसतं, हाही एक समज. उलट काउंटरवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही, ईमेलवर तारीख राहते. उत्तर आलंच नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. दोष नुसत्या नजरेने ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

उरलेले समज थोडक्यात. टाचणी टोचून वायू काढला तर बॅटरी बरी होत नाही, पेट घेऊ शकते. फ्रीजमध्ये ठेवल्याने फुगवटा उतरून ती वापरण्याजोगी होत नाही. ‘एकदा चार्ज करून बघू, चालतंय का’ हा प्रयोग तर करूच नये. घड्याळ बंद करून, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावं. आणि ‘कुरिअरने पाठवून द्या’ असं सेंटरने म्हटलं, तर खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे, हे त्यांना सांगावं. शिक्षिकेने ईमेलच्या शेवटी तेवढंच लिहिलं: “घड्याळ स्टीलच्या डब्यात ठेवलं आहे. न्यायला माणूस पाठवावा.”